घोट्याचं प्लास्टर निघालं, आता पायात काय घालायचं?

प्रश्न: आईचा (वय ५८) उजवा घोटा फ्रॅक्चर झाला होता. ऑपरेशन लागलं नाही. प्लास्टर काढून डॉक्टरांनी वॉकिंग बूट दिलाय आणि पायावर भार द्यायला सांगितलंय. पण बूट घातल्यापासून कंबर दुखते म्हणते. बूट निघाल्यावर साधी चप्पल चालेल, की शूजच घ्यावे लागतील? घर साताऱ्यात, मंगळवार पेठेत आहे.

उत्तर:

कंबरेचं उत्तर बहुतेक आईंच्या डाव्या पायात आहे. मी साताऱ्यातच फिजिओथेरपी करतो आणि बूट घालून येणाऱ्या पेशंटच्या दुसऱ्या पायाकडे आधी बघतो. निम्म्याहून जास्त जण घरात त्या पायाने अनवाणीच फिरत असतात.

वॉकिंग बूटचा तळ जाड आणि होडीसारखा गोलसर असतो, कारण आत घोटा हलत नसताना पाऊल पुढे कलंडायला हवं. तो तळ आणि आतलं अस्तर मिळून टाच जमिनीपासून साधारण अडीच ते चार सेंटिमीटर वर जाते. म्हणजे आईंचा उजवा पाय सध्या तेवढा लांब झालाय. दर पावलाला कमरेची एक बाजू वर उचलली जाते, आणि दिवसभर स्वयंपाकघर ते बाथरूम फेऱ्या झाल्या की संध्याकाळी कंबर धरते. काहींना त्याच कारणाने खुब्याला किंवा गुडघ्याला दुखतं.

मोजायला अगदी सोपं आहे. आईंना बूट घालून ओट्याला धरून उभं करा आणि डाव्या पायाखाली एकेक पातळ वही सरकवत जा. समोरून कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत आली की थांबा. वह्यांची जेवढी उंची भरेल, तेवढा तळ डाव्या पायाला हवा. एखाद्या जुन्या जाड तळाच्या स्पोर्ट शूमध्ये जादा इनसोल टाकून काम भागतं. तरी कमी पडत असेल तर मोच्याकडून त्या शूच्या तळाला रबराची शीट चिकटवून घ्या, टाचेपासून चवड्यापर्यंत सलग. घरात बूट-चप्पल नको, देवघर आहे, असं आई म्हणणारच. मग तो जोड स्वच्छ धुऊन फक्त घरासाठी ठेवा, उंबऱ्याबाहेर नेऊच नका. मिलिमीटरपर्यंत बरोबरी लागत नाही, अर्ध्या सेंटिमीटरचा फरक राहिला तरी चालतो. एवढं करूनही आठवडाभरात कंबर हलकी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

बूट घालताना खुर्चीत बसून गुडघा काटकोनात ठेवायचा, टाच पार मागे टेकवायची आणि मगच पट्टे लावायचे, खालून वर. टाच मागे न टेकता पट्टे ओढले की चालताना ती आत वर-खाली होते, आणि बूट असूनही घोटा हलत राहतो. आत गुडघ्यापर्यंत येणारा सुती मोजा हवा, रोज धुतलेला. हवा भरायचा पंप असेल तर पायाला घट्ट मिठी बसेल एवढीच हवा भरा. बोटाचं नख दाबून सोडलं की पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे. तसं होत नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर बूट सैल करा. काठी वापरत असतील तर ती डाव्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

एक गोष्ट मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तासभरही थांबू नका.

आता चप्पल की शूज. बूट कधी सोडायचा ते एक्सरे आणि तपासणीवरून तुमचे डॉक्टर सांगतील, ते मी इथून सांगणार नाही. पण सोडायला सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत शूज, असं करू नका. आधी घरात तासभर, मग दोन तास, बाहेर जाताना काही दिवस बूटच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर घोटा आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखत किंवा सुजलेला असेल, तर वेळ जास्त झाली असं समजून कमी करायची. संध्याकाळची सूज हा काही निकष नाही. फ्रॅक्चरनंतर ती कित्येक महिने येत राहते.

शूज घ्यायला गेल्यावर सगळे विचारतात ते ‘मऊ आहे का’. मी आधी टाच किती उंच आहे ते बघतो. चालताना पाऊल जमिनीवर टेकलेलं असताना अंग त्याच्यावरून पुढे जातं, आणि त्यासाठी घोटा साधारण दहा अंश पुढे वाकावा लागतो. कित्येक आठवडे बांधून ठेवलेला घोटा तेवढा वाकत नाही. मग शरीर पळवाट काढतं: पाऊल बाहेर फिरवून टाकायचं, टाच लवकर उचलायची, नाहीतर गुडघा मागे ढकलायचा. पूर्ण सपाट चपलेत हे सगळं उघडं पडतं. टाच चवड्यापेक्षा सेंटिमीटरभर उंच असेल, तर घोट्याला तेवढं कमी वाकावं लागतं.

माझ्याकडे एक शाळेतल्या बाई येत होत्या, तुमच्या आईंच्याच वयाच्या. बूट निघाल्यावर कुणीतरी ‘पाय मोकळा राहू दे’ म्हणालं म्हणून त्यांनी बाजारातून सपाट, गादीसारखं मऊ सँडल घेतलं. थोड्याच दिवसांत घोट्याच्या पुढच्या घडीत टोचायला लागलं आणि गुडघ्यामागे ओढ बसायला लागली. हाड नीट जुळलं नाही की काय, या धास्तीने त्या आल्या. एक्सरे चांगला होता. भिंतीसमोर उभं करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगितला. चांगल्या पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटर लांब ठेवूनही गुडघा टेकत होता, दुखऱ्या पायाचा जेमतेम ३ सेंटिमीटरवर. टोचण्याचं कारण ते होतं. लेसचे चालायचे शूज घ्यायला लावले, टाचेकडे चवड्यापेक्षा सेंटिमीटरभर जाड. पहिल्याच दिवशी बाहेर फिरणारं पाऊल बरंचसं सरळ पडायला लागलं. टोचणं मात्र जायला व्यायाम लागला. रोज टॉवेलने पाऊल ओढणं आणि तेच भिंतीसमोरचं वाकणं. काही महिन्यांनी अंतर ७ वर आलं, तेव्हा सपाट तळाची परवानगी दिली. डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटल्यावर ही भिंतीची मोजणी तुम्ही घरीही करू शकता.

टाचेखाली वेगळा तुकडा घालायचा झाला तर दोन्ही शूजमध्ये सारखाच घाला. एकाच पायात घातला तर बूटवाली लांबी-तोकडी पुन्हा सुरू होते. आणि सेंटिमीटरभर चांगलं म्हणून चार सेंटिमीटरची हील घ्यायची नाही. घोट्यात बसणारं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. टाच फार वर गेली की अरुंद भाग खाचेत येतो, सांधा सैल पडतो आणि पाय मुरगळायला वाव मिळतो.

खरेदीला मोती चौकात जा नाहीतर पोवई नाक्यावर, पण संध्याकाळी जा, पाय सुजलेला असताना. दुखरा पाय मापाला धरा, डावा सैल झाला तर त्यात इनसोल टाका. शूची टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबून बघा. ती आत दबली तर ठेवून द्या. मग दोन टोकं धरून कपडा पिळतात तसा पिळा, सहज पिळला गेला तरी ठेवून द्या. वाकायला हवा तो फक्त बोटांच्या जागी. लेस किंवा रुंद वेल्क्रो हवंच, कारण सूज दिवसभर कमी-जास्त होते. वरची कड घोट्याच्या हाडाला घासत नाही ना, हे दुकानातच दहा-पंधरा पावलं चालून बघा. ऑपरेशन होऊन बाहेरच्या बाजूला प्लेट बसवलेल्यांना हा त्रास बऱ्याचदा होतो, कारण प्लेट कातडीच्या अगदी खाली असते. घोट्याचा पट्टा सांगितला असेल तर तो घालूनच शू घालून बघा. आतला इनसोल निघत असेल तर पट्ट्याला जागा मिळते.

ज्यांचं फ्रॅक्चर नाही, नुसता पाय मुरगळलाय आणि जे हे वाचत आहेत, त्यांच्यासाठी: घोट्याच्या वरपर्यंत येणारे शूज घेतले म्हणजे पाय पुन्हा मुरगळणार नाही, असं नाही. त्या बाबतीत लेसचा किंवा दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला ब्रेस जास्त खात्रीचा आणि तो साध्या शूमध्येही बसतो. शिवाय जुना जोड टेबलावर ठेवून मागून बघा. बाहेरच्या कडेला तळ झिजून कललेला असेल तर तो जोड टाकून द्या, कारण तो पाय रोज मुरगळायच्याच दिशेला ढकलतो.

आईंच्या चपलेचं म्हणाल तर घरात आधी मागे पट्टा असलेलं, टाचेला थोडं जाड असं सँडल द्या. कोल्हापुरी आणि अंगठ्याची स्लिपर सगळ्यात शेवटी. त्यात टाच मोकळी असते आणि चप्पल निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात, जे अशक्त पायाला जमत नाही. दुखऱ्या एका पायावर काहीही न धरता दहा सेकंद उभं राहता आलं, त्याच पायाच्या चवड्यावर टाच उचलता आली आणि उतारावरून न लंगडता खाली येता आलं, की खुशाल चप्पल घालू द्या. शेवटची अट तुमच्या पेठेत महत्त्वाची, कारण तिथे दाराबाहेर पडलं की चढ नाहीतर उतार. चढाला घोटा सपाटीपेक्षा जास्त वाकावा लागतो आणि उतारावर पोटरीला अंग तोलून धरावं लागतं. म्हणून सुरुवातीचं चालणं शाहू स्टेडियमसारख्या सपाट जागी, रिक्षाने नेऊन करा. मग घराच्या गल्लीतला चढ, आणि समर्थ मंदिरावरून बोगद्याकडे जाणारा रस्ता अगदी शेवटी. पावसाळा असेल तर शेवाळलेल्या पायऱ्यांवर तळाला खोल नक्षी असलेले शूजच हवेत, मग पाय कितीही बरा असो.