सॅट की आरओव्ही? अबर्डीनहून उत्तर

"दादा, मी मुंबई हायवर एअर डायव्हिंग करतो. स्कॉटलंडला अबर्डीनला येऊन सॅट म्हणजे सॅच्युरेशन डायव्हिंग करू, की आरओव्ही म्हणजे पाण्याखालचा रिमोट रोबो चालवायला शिकू? बायको-मुलीला लगेच आणू का?"

व्हिसा, कोर्स, फी हे सगळं तुला साइटवर मिळेल. लॉगबुक मात्र आजच उघड आणि ज्या डाइव्हवर सुपरवायझरची सही नाही ती तिकडे असतानाच घे. माझ्या जुन्या कंपनीने एका शिक्क्यासाठी इतकं झुलवलं की आठवलं तरी डोकं फिरतं.

सॅटमध्ये 100 मीटरवरच्या पाइपलाइनचा फ्लँज जोडायचा असेल, तर आपण जहाजावरच्या चेंबरमध्ये त्याच दाबाखाली राहतो, डायव्हिंग बेलच्या बंद डब्यातून खाली जातो आणि पुन्हा चेंबरमध्येच येतो. शरीरात श्वासातला हीलियम पुरता मुरला की मग आठवडा राहा नाहीतर चार, दाब उतरवायला वेळ तेवढाच लागतो. 100 मीटरला साधारण चार दिवस. घाई केली तर बुडबुडे सांध्यांत नाहीतर मज्जारज्जूत. हे तुला पाठ असेल. पण घरून कसलाही फोन आला तरी चार दिवस दार उघडत नाही, हे बायकोला आधीच सांग.

मुलीला इंग्रजी कमी येतं म्हणून शाळेने खालच्या गटात टाकायचं ठरवलं, तेव्हा मी आतच होतो. फोन जोडून दिला, आवाज सुधारणारा अनस्क्रॅम्बलर लावला, तरी हीलियममुळे आवाज चिरकाच. बाई हसल्या, नंतर बोलू म्हणाल्या. मी बाहेर येईपर्यंत गट ठरला होता, वर घरी मराठी कमी बोला असा सल्ला. मुलगी आता कॉलेजात आहे, तिला आठवतही नाही. माझा राग जात नाही. एकटेपणाचं म्हणशील तर तो वाटतो, मग सवय होते.

आरओव्हीवाला जहाजावरच्या कंट्रोल व्हॅनमध्ये बारा तासांची शिफ्ट करतो आणि अडचण आली तर मिळेल त्या हेलिकॉप्टरने घरी जातो. पाइपखालची वाळू वाहून पाइप अधांतरी राहिलाय का ते बघायचं, पाइपला गंजापासून वाचवणारे अ‍ॅनोड किती झिजलेत ते बघायचं, व्होल्टेज मोजायचा प्रोब टेकवायचा. रीडिंग उणे 800 मिलिव्होल्टच्या आत, म्हणजे उणे 700 वगैरे आलं, तर तिथे गंजापासून संरक्षण अपुरं आहे. थ्रस्टर तळाजवळ जोरात फिरवला की गाळ उठतो आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही, तेव्हा गप्प बसायचं. अडचणीतला बोल्ट कसायला अजून डायव्हरच लागतो.

आणि डायव्हरला आरओव्ही. सप्टेंबर 2012 मध्ये इथल्या हंटिंग्टन फील्डवर जहाजाची जागा धरून ठेवणारी यंत्रणा बिघडली, जहाज वाहत गेलं आणि डायव्हर क्रिस लेमन्सचा अंबिलिकल, म्हणजे श्वासाचा वायू पुरवणारी नळी, तुटला. पाठीवरच्या बाटलीत काही मिनिटांचाच वायू होता. आरओव्हीच्या कॅमेऱ्याने तो समुद्रतळावरच्या मॅनिफोल्डच्या सांगाड्यावर पडलेला दाखवला, जोडीदाराने त्याला बेलमध्ये ओढलं आणि तो वाचला. पैसे सॅटमध्येच जास्त. तरी हायड्रॉलिक्स, इलेक्ट्रॉनिक्समध्ये तुझा हात चालत असेल, तर मी आरओव्हीच म्हणेन.

मुलगी लहान असेल तर लगेच आण. शाळेच्या फॉर्मवर पहिला संपर्क म्हणून बायकोचा नंबर दे, तुझा नको.