वारलेल्या बायकोने कपाटात ठेवलेली पत्रं म्हातारा वाचतो, अशी लघुकथा लिहितेय. पत्रं अख्खी द्यावीत की तुकडे? शेवटी कोणतं गुपित उघडावं?

तुकडे द्या. गुपित नको. एवढ्यावर थांबलो असतो, पण हे आमच्या घरात घडलंय.

आधी पत्रं कोणी लिहिलेली ते ठरवा. माणसाच्या कपाटात त्याला आलेली पत्रं सापडतात, त्याने पाठवलेली दुसऱ्याच्या घरी असतात. तिच्या हातची हवी असतील तर ती न टाकलेली, परत आलेली किंवा कच्चे खर्डे असायला हवीत. लेखकाने हे न ठरवलेलं लगेच कळतं.

आई गेल्यावर तिच्या कपड्यांखाली गठ्ठा निघाला. सगळी पत्रं बाबांनीच तिला लिहिलेली. थोरल्या भावाने त्याच दुपारी टाचण्या काढल्या आणि पत्रं तारखेवार लावून टाकली, बाबांना वाचायला बरं पडेल म्हणून. बाबांनी दोन दिवस वाचली आणि म्हणाले, "ही तर माझीच पत्रं. यात ती कुठाय?"

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी भिंगाखाली दोन कागद धरले. टाचणी गंजली की तिचा तांबूस डाग शेजारच्या कागदावरही उमटतो. डागाला डाग जुळवत आठवडाभरात त्यांनी आईच्या जोड्या परत लावल्या. तारखांशी त्यांचा काही संबंध नव्हता. 'मी तुझ्यावर कधी आवाज चढवणार नाही' असं लग्नाआधी लिहिलेलं एक पत्र. त्याला आईने पंधरा वर्षांनंतरचं टाचलं होतं, दीड पान नुसता संताप. बाबा आधी मोठ्याने हसले. मग भिंग ठेवून आत गेले ते जेवायलाही आले नाहीत.

भाऊ अजून म्हणतो, तारखेशिवाय अर्थ लागत नाही. अरे, जुनी कागदपत्रं सांभाळणारे लोकसुद्धा मूळ मांडणी शक्यतो मोडत नाहीत! कोणता कागद कशाशेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते. तेव्हा तुमच्या म्हाताऱ्याला गठ्ठा हाताळू द्या, आणि एखादा आगाऊ मुलगा असू द्या.

हां, डाग पडायला टाचण्या लोखंडी हव्यात आणि कपाटात थोडी ओल हवी. बाकी बरंच घड्यांवरून कळतं. पुन्हा पुन्हा उघडलेला कागद घडीवर मऊ पडतो, मग फाटतो. बाबांना स्वतःच्या एका आठ पानी पत्राचा फार अभिमान. त्याच्या घड्या कोऱ्या करकरीत होत्या. चार तुकडे झालेलं पत्र वेगळंच निघालं. तुकडे जुळवले तेव्हा त्यात एवढंच होतं: 'खोली मिळाली. खिडकी मोठी आहे. ये.'