सोया सोडण्याआधी रिपोर्टवरची वेळ बघ

प्रिय मित्रा,

तुझा रिपोर्ट पाहिला. टेस्टोस्टेरॉन 310 आलं म्हणून तू शाकाहाराला दोष दिलास आणि सोया दूध, प्रोटीन पावडर दोन्ही बंद केलंस. माझी नजर मात्र आधी कोपऱ्यातल्या वेळेवर गेली : दुपारी 4. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. तुझ्या वयात हा फरक वीस-पंचवीस टक्क्यांचा असू शकतो. शिवाय तू भरपेट जेवून गेला होतास, त्यानेही आकडा काही वेळ खाली येतो.

सोयाची भीती येते कुठून, तेही सांगतो. त्यात आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखी असते. पण ती शरीरात फार दुबळेपणाने काम करतात. पुरुषांवर झालेले अनेक प्रयोग एकत्र करून 2010 आणि 2021 मध्ये तपासले, तेव्हा सोयाने टेस्टोस्टेरॉन घटल्याचं दिसलं नाही. उलटं उदाहरणही आहे, ते लपवत नाही. साठीतल्या एका गृहस्थांची छाती सुजून दुखू लागली होती; ते रोज पावणेतीन लिटरच्या आसपास सोया दूध पीत. बंद केल्यावर त्रास ओसरला. तू पीत होतास एक ग्लास!

पावडरीचंही तसंच. व्हे म्हणजे दुधातलंच प्रथिन, त्यात पुरुषी हार्मोन कमी करणारं काही नाही. धोका वेगळा आहे : 'झटपट मसल'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही डब्यांत लपवलेलं स्टेरॉइड सापडलेलं आहे. ते पोटात गेलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो, आणि मग स्वतःचं हार्मोन खरोखर आटतं.

आता तुझं खरं दुखणं. तूच लिहिलंयस की तीन महिन्यांत 9 किलो उतरवले, तेल-तूप जवळजवळ सोडलं आणि रात्री पाच तास झोपतोस. 2011 च्या एका प्रयोगात तरुणांना आठवडाभर पाच तासच झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्के घसरलं. त्यावर उपाशीपोटी व्यायाम. शाकाहाराला कशाला बोल लावायचा? मांसाहार करून एवढंच कमी खाल्लं असतंस, तरी हेच झालं असतं.

तेव्हा पोटभर खा, स्निग्ध पदार्थ परत आण, सोया ठेव. सहा आठवडे सात-आठ तास झोप. मग सकाळी 8 च्या सुमारास, काही न खाता, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी कर आणि सोबत एलएच, म्हणजे मेंदूकडून वृषणांना इशारा देणारं हार्मोन, मोजायला सांग. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच वाढलेलं, तर अडचण वृषणांत. दोन्ही कमी, तर वरून, मेंदूकडूनच इशारा कमी पडतोय. दोन्ही वेळा आकडा 300 च्या खाली आला, तर हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. आणि हो, त्या जुन्या डब्याच्या लेबलचा फोटो मला पाठव.

तुझा,
दादा