स्किन टोन चाचणीचा निकाल कसा वाचायचा?

प्रश्न: मी म्हापशाची, रंगाने सावळी. ऑनलाइन चाचणीत 'गोऱ्या रंगाकडे मध्यम कल' आला. मी मनातून रंगभेद करते का?

उत्तर: एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, गोरा रंग आणि 'चांगलं' ही जोडी तुमच्या डोक्यात पटकन जुळते, इतकंच दिसलं. या चाचणीत पडद्यावर येणारे चेहरे आणि शब्द दोन बटणं दाबून झटपट गटांत टाकायचे असतात आणि त्याला लागलेला वेळ मोजला जातो. मी फोंड्याला मानसशास्त्र शिकवते, वर्गात हे असं मांडते: गोरे चेहरे आणि चांगले शब्द एकाच बटणावर असताना सरासरी ७८० मिलिसेकंद लागले, सावळे चेहरे आणि चांगले शब्द एकत्र असताना ९००. हा १२० चा फरक तुमच्याच वेळांच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे त्या वेळा किती पसरलेल्या आहेत त्या मापाने, समजा ३०० ने, भागला की ०.४ येतं. ०.३५ ओलांडलं की 'मध्यम'चा शिक्का बसतो. ती जोडी तुम्हाला पटते, की लग्नाच्या जाहिरातींतलं 'गोरी पाहिजे' वाचून नुसती रुजली आहे, हे वेगावरून कळत नाही. शिवाय पुन्हा चाचणी दिलीत तर आकडा हलतो. दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध साधारण ०.५ भरतो, पूर्ण जुळले असते तर तो १ आला असता. मात्र हजारो लोकांच्या सरासरीत हा कल स्थिर दिसतो, म्हणून समाजाच्या अभ्यासाला चाचणी उपयोगी आहे. पणजीच्या एखाद्या मॅनेजरने रिसेप्शनला सावळी मुलगी का घेतली नाही, याचा पुरावा म्हणून मात्र त्याचा निकाल चालणार नाही.