गड उतरल्यावर मांड्या का भरून येतात?

प्रश्न: कळसूबाई चढताना धाप लागली, पण पाय ठीक होते. उतरून आलो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरल्या. असं का?

उत्तर: उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. शिडीची एक पायरी उतरताना बघा: खालचा पाय टेकेपर्यंत वरच्या पायाचा गुडघा हळूहळू वाकतो आणि अख्ख्या शरीराचा भार तोच स्नायू पेलतो. म्हणजे तो जोर लावत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. चढताना तो आखडत जोर लावतो. ताणला जाताना तेवढ्याच भाराला कमी तंतू कामाला लागतात, त्यामुळे एकेकावर जास्त ओढ येते आणि काहींना सूक्ष्म इजा होते. धाप मात्र लागत नाही, म्हणून तेव्हा कळत नाही. सूज हळूहळू चढते आणि दुखणं साधारण 24 ते 72 तासांत सर्वाधिक होतं. लॅक्टिक ॲसिडचा याच्याशी संबंध नाही, ते तासाभरात ओसरतं.

पुढच्या ट्रेकच्या एक-दोन आठवडे आधी एखादी छोटी टेकडी उतरून या, त्रास बराच कमी होईल. लघवी गडद, कोऱ्या चहासारखी झाली तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.