आजचा प्रश्न: गिझर आणि पडणारा आरसीसीबी

प्रश्न: दादा, गिझर लावला की पाच-सात मिनिटांनी आरसीसीबी पडतो, अख्ख्या घराची लाइट जाते. आरसीसीबी बदलू का?

उत्तर: थांबा, आरसीसीबीला हात लावू नका. तो त्याचं काम करतोय. घरचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढा करंट अर्थिंगकडे गळायच्या आतच तो पडतो. लोड जास्त झाला म्हणून पडतो तो एमसीबी, हा नव्हे.

पाच-सात मिनिटं लागतात यातच सगळं आलं. एलिमेंटच्या नळीला बारीक तडा गेला की आत ओल शिरते. थंड असताना गळती थोडी, एलिमेंट तापलं की वाढते.

गेल्या आठवड्यात ऐरोलीत हीच केस होती. प्लग काढला, गिझरचं बटण चालू ठेवलं आणि मल्टिमीटर फेज पिन व जाड अर्थ पिनला लावला. तिथे काहीच दिसायला नको. मला ४० किलोओहम दिसले. म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ६ मिलिअँपिअर, थंडपणी आरसीसीबी पडणारच नाही. एलिमेंट बाहेर काढलं तर क्षाराचा पांढरा थर, खाली नळी फुटलेली. एलिमेंट आणि गॅस्केट बदललं, काम झालं.

मीटरवर काहीच दिसलं नाही तरी निर्धास्त होऊ नका, बारीक गळती मेगरवरच, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणाऱ्या मीटरवरच कळते. आणि कोणी अर्थची वायर काढून 'आता पडत नाही बघा' म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मग गळणारा करंट तुमच्या अंगातून जाईल.