रेग्युलर की डायरेक्ट: एक टक्क्याने काय होतं?

दादरच्या बँकेतून म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये एसआयपी आहे. थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या डायरेक्टपेक्षा एकच टक्का कमी मिळतो, त्याने एवढा काय फरक पडतो?

पडतो. महिना 10,000 रुपये, 25 वर्षं धरा. डायरेक्टला 12 टक्के परतावा मिळाला तर सुमारे 1.88 कोटी होतात. रेग्युलरला बँकेचं कमिशन वजा जाऊन 11 टक्के मिळाले तर 1.58 कोटी. फरक 30 लाखांचा, म्हणजे तुम्ही घातलेल्या एकूण मुद्दलाएवढा!

कारण कमिशन दरवर्षी सगळ्या साठलेल्या रकमेवर जातं. वेगळं बिल येत नाही, एनएव्हीतूनच, म्हणजे युनिटच्या भावातूनच कापलं जातं, म्हणून जाणवत नाही.

नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करा. जुनी युनिट्स मात्र घाईने हलवू नका. स्विच म्हणजे विक्रीच, त्यावर कर आणि एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्क, लागू शकतो.